मदत हवी आहे: शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक द्यावंच लागतं का?

सायली_ठाणे: मुलगा 6 वर्षांचा आहे. सोमवारी नाक गळायला लागलं, दोन रात्री 101 पर्यंत ताप होता. ताप उतरला, पण आज शुक्रवारी शेंबूड घट्ट आणि हिरवा येतोय, रात्री खोकतो. खातोय, खेळतोय. सासूबाई म्हणतात, इन्फेक्शन झालंय. गेल्या महिन्यातलं ॲझिथ्रोमायसिनचं सिरप अर्धं उरलंय. देऊ का?

कोकणकडा: हिरवा म्हणजे बॅक्टेरियाच. पांढरा असेल तर व्हायरल. द्या, पण कोर्स पूर्ण करा, मध्येच सोडू नका.

वाटसरू: मी तर सर्दीच्या तिसऱ्या दिवशी ॲझिथ्रो 500 घेतो. दोन दिवसांत खडखडीत बरा.

आनंदी: प्लेटलेट्स तपासल्या का? आमच्याकडे डेंग्यू निघाला होता.

निशिगंध (बालरोगतज्ज्ञ): सायलीताई, ते सिरप देऊ नका. पाणी घालून तयार केलेलं सिरप थोडेच दिवस टिकतं, महिन्याभराचं टाकूनच द्या.

रंगाचं सांगते. विषाणूशी लढायला पांढऱ्या पेशी नाकात जमतात आणि त्यांच्यातलंच एक एन्झाइम हिरवं असतं. त्यामुळे साध्या सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड हिरवा होतो. रंगावरून जंतू ओळखता येत नाही.

ॲझिथ्रोमायसिन बॅक्टेरियाची प्रथिनं बनवणारी यंत्रणा बंद पाडतं. सर्दीच्या विषाणूकडे ती यंत्रणाच नसते, तो आपल्या पेशीतली वापरतो. आपली वेगळ्या घडणीची असल्यामुळे औषध तिला धरत नाही. मग ते काम करणार कुठे? उलट पोटातले चांगले जंतू मारून जुलाब मात्र लावू शकतं. वाटसरू, सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जोरात असते. तुम्ही गोळी घेता तेव्हा ती उतरणीलाच लागलेली असते.

कोकणकडा: मग डॉक्टर लगेच का लिहून देतात?

निशिगंध: लिहून देतात, हे खरंय. पालक आग्रह धरतात, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत खात्रीने सांगता येत नाही. पण सर्दीवर बॅक्टेरिया चढला की तिची चाल बदलते. दहा दिवस झाले तरी काहीच उतार नाही, किंवा बरं वाटायला लागून पुन्हा ताप चढला, किंवा सुरुवातीपासून सलग तीन दिवस 102 च्या वर ताप आणि घट्ट शेंबूड, तर सायनसचा विचार करावा लागतो. श्वास जोरजोरात चालला असेल तर मात्र दिवस मोजू नका, लगेच दाखवा. खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. नाकात सलाइनचे थेंब घाला, झोपताना चमचाभर मध द्या.

सायली_ठाणे: सिरप टाकून दिलं. पण आत्ताच उजवा कान दुखतोय म्हणाला. ताप नाही.

निशिगंध: वेदनेसाठी त्याच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या आणि उद्या कान दाखवून घ्या. पडदा पाहिल्याशिवाय मी इथून काही सांगू शकत नाही. पडदा फुगलेला दिसला तरी या वयात डॉक्टर कधीकधी दोन-तीन दिवस वाट पाहतात. काय म्हणाले ते कळवा.