विषय: अनारसे हसले – शनिवारच्या आत पीठ सुधारायचंय

वृंदा:
मंडळी, शनिवारच्या फराळात अनारसे माझ्या नावावर आहेत, शंभर नग. पीठ तयार आहे. काल नलिनीकाकूंकडे त्यातलेच थोडे तळले, पहिले चार-पाच छान जाळीदार आले आणि पुढचे कढईत हसले. तांदूळ सोना मसुरी, तीन दिवस भिजवलेला, रोज पाणी बदललेलं, गूळ वजनाला बरोबरीने. डब्यात सहा दिवस मुरलंय. माझ्या मते काकूंच्या शेगडीचा दोष आहे. कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

मेधा:
वृंदा, शेगडीला कशाला बोल लावतेस? गोळा डब्यातून काढला तेव्हाच बोटांना चिकटत होता, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आत्याचं प्रमाण समसमान आहे हे खरं, पण आत्या तांदूळ सुती पंच्यावर पसरून हाताला जेमतेम दमट लागेपर्यंत सुकवायची. तू चाळणीतून निथळून थेट मिक्सरला लावलास. त्या पिठात पाणी जास्त, त्यात गूळ बरोबरीने, मग तो अनारसा हसणारच. अशा पिठाला गूळ पाऊणपटच घ्यावा.

वृंदा:
मेधा, पंच्यावर पसरून वाळवायला पुण्याची ऑक्टोबरची हवा लागते. इथे हीटर लावला की वरचे दाणे खडखडीत आणि खालचे ओले. आणि पीठ सैल असतं तर पहिला अनारसाच हसला असता. माझ्या आईचं प्रमाण मला तू शिकवू नकोस. तुझ्या साखरेच्या अनारशांना जाळी कुठे असते? त्या पांढऱ्या पुऱ्या असतात.

सुहास:
दोघी बहिणींना नमस्कार. सोप्पा उपाय: चिमूटभर सोडा घाला, जाळी हमखास पडते. आणि दुकानातली तांदळाची पिठी मिसळलीत की सैल गोळा आवळतो.

नलिनीकाकू:
सुहास, सोडा अजिबात नको. सोड्याने अनारसा आणखी लवकर विरतो, रंगही काळपट येतो. दुकानातली पिठी कोरड्या तांदळाची असते. ती घातली की गोळा आवळतो हे तुझं बरोबर, पण भिजवलेल्या तांदळाची जाळी तिला येत नाही, अनारसा टणक होतो. वाटीभर पिठाला चमचाभर चालेल, त्याहून जास्त नको.

आता वृंदा आणि मेधा, दोघींनी ऐका. पहिलाच अनारसा हसला तर पीठ सैल. पहिले चांगले आले आणि मागचे हसले तर तूप थंड पडलंय. माझ्याकडे तव्यासारखी सपाट इलेक्ट्रिक शेगडी आहे, ती हळू तापते आणि हळू निवते. पहिला अनारसा टाकताना तूप बरोबर होतं, मग आच कमी केली, एकामागून एक गार गोळे पडले आणि तूप उतरत गेलं. थंड तुपात अनारसा तूप पितो, पसरतो आणि कडेपासून विरतो. म्हणून इथे वृंदाचं खरं आहे. पण गोळा बोटांना चिकटत होता हे मीही पाहिलं, तेव्हा पीठही काठावरच आहे. घट्ट गोळा कमी तापलेल्या तुपात थोडा तरी टिकला असता.

पीठ असं सुधार. सगळ्या पिठाला हात लावू नकोस. वाटीभर घे, त्यात मूठभर तांदूळ पुन्हा भिजवून, वाळवून, दळून केलेली पिठी एक चमचा घाल, मळ आणि दोन-तीन तास झाकून ठेव. मग एकच तळून बघ. जमला तर त्याच हिशेबाने बाकीचं मळ. मूठभर तांदूळ आजच भिजत घाल. आणि पिठी जास्त होऊन गोळा कोरडा झाला, थापताना कडा चिरल्या, तर पिकलेल्या केळ्याचा अगदी छोटा तुकडा मळून घालायचा. दूध घातलंस तर ते पीठ त्याच दिवशी संपव, टिकत नाही.

मेधा:
नलिनीकाकू, म्हणजे पीठ सैल होतं हे तुम्हीही म्हणताय. तेवढंच माझं म्हणणं होतं.

वृंदा:
काकू म्हणाल्या 'काठावर'. तू काल म्हणालीस 'लापशी'. दोन्हींत फरक आहे, मेधा. आणि तो शब्द तू मुलांसमोर वापरलास म्हणून मला लागलं.

अपर्णा:
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. माझे बेसनलाडू बसतात, गोल राहतच नाहीत. त्यातही तीच पिठी घालायची का?

नलिनीकाकू:
अपर्णा, नाही. बेसन गरम असताना पिठीसाखर घातली असशील. पूर्ण कोमट होऊ दे, मग साखर. तूप जास्त झालं असेल तर थोडं बेसन वेगळं कोरडंच भाजून मिसळ. बाकी वेगळ्या ईमेलमध्ये विचार, इथे गुंता होईल.

श्रीकांत:
खसखशीबद्दल कुणीच बोलत नाहीये. माझे सासू-सासरे गुरुवारी दुबईमार्गे येताहेत, त्यांना पाव किलो आणायला सांगू का?

मेधा:
श्रीकांत, मुळीच सांगू नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, मसाल्याच्या पुडीतलीसुद्धा चालत नाही. सामान थेट पुढे जाणार असलं तरी वयस्कर माणसांना त्या भानगडीत घालू नका. इथल्या दुकानात पांढरी मिळते. बेकिंगच्या कप्प्यातली निळसर-काळी घेऊ नका, ती अनारशावर जळल्यासारखी दिसते.

वृंदा:
मिळाली नाही तर रव्यावर थापते.

मेधा:
रव्यावर? आत्या अधिक महिन्यात जावयाला 33 अनारसे द्यायची, त्यातल्या एकालाही रवा लागला नसेल. रवा तुपात सुटतो, तळाशी बसून करपतो आणि पुढच्या घाण्याला त्याचे काळे कण चिकटतात. खसखस मी आणते, तू पीठ बघ.

सुहास:
तांदूळ आंबेमोहोर घेतला असता तर हा प्रश्नच आला नसता.

नलिनीकाकू:
सुहास, आंबेमोहोर चिकट असतो, त्याने गोळा आणखी सैल झाला असता. अनारशाला जुना, मोकळा शिजणारा तांदूळच हवा. सोना मसुरी ठीक आहे. गुळाचं मात्र वृंदाने सांगितलं नाही. चिक्कीचा गूळ असेल तर अनारसा कडक होतो.

वृंदा:
साधाच गूळ आहे काकू, किसून घातलाय. गूळ नरम होता हे खरं, किसताना किसणीला चिकटत होता.

मेधा:
मग ओल तिथूनही आली. नरम गूळ वजनाला तेवढाच भरतो, पण त्यात पाणी असतं. शंभर ग्रॅममागे दहा-पंधरा ग्रॅम कमी घ्यायचा.

वृंदा:
हे काल सांगितलं असतंस तर उपयोग झाला असता. काल तू फक्त हसलीस.

मेधा:
काल तू कुणाचं ऐकून घेत होतीस? मी झारा मागितला तर तू कढई अडवून उभी होतीस. वरची बाजू शिजायला तूप झाऱ्याने सारखं वर उडवावं लागतं. तू अनारसा उलटायला गेलीस आणि तिथेच तो फुटला. खसखशीची बाजू वर ठेवून सोडायचा आणि शेवटपर्यंत उलटायचा नाही.

वृंदा:
एकच उलटला, तोही बघायला. बाकीचे न उलटता हसले.

नलिनीकाकू:
पुरे आता. शनिवारी तळणी हॉलवर नको, तिथेही तशीच सपाट शेगडी आहे. श्रीकांतकडे गॅस आहे, शुक्रवारी संध्याकाळी तिथे तळा. छोटी कढई, एका वेळी एकच अनारसा. तूप चांगलं तापवून आच मंद करा, आणि दर तीन-चार अनारशांनंतर मिनिटभर थांबून तूप पुन्हा वर येऊ द्या. काढल्यावर चाळणीत उभे करून निथळा, एकावर एक रचू नका. गरम अनारसा मऊच असतो, मऊ आहे म्हणून पुन्हा तुपात टाकू नका, निवला की खुसखुशीत होतो. आणि शंभर नगांना पीठ पुरतंय का ते आधी वजन करा. वीस ग्रॅमची गोळी धरली तर दोन किलो हवं.

वृंदा:
एक किलो आठशे आहे. म्हणजे नव्वद होतील.

मेधा:
दहा माझे साखरेचे घे. वेगळ्या डब्यात ठेव, तुझ्यात मिसळू नकोस.

वृंदा:
मिसळणार नाहीच. डब्यावर नावही लिहीन. श्रीकांत, शुक्रवारी किती वाजता येऊ? आणि तुपाचा मोठा डबा कुणाकडे आहे, मंडळाचा की मागच्या वर्षी संपला?