फोन अपडेट झाला आणि घड्याळ रुसलं: तुमचं काय झालं ते सांगा

सायली_उवाच

गेल्या रविवारी रात्री फोनला मोठं अपडेट आलं. झोपताना लावून दिलं, सकाळी उठले तर मनगटावरच्या घड्याळात फोनचं चिन्ह खोडलेलं. अ‍ॅप उघडलं की नुसतं गोल गोल फिरतंय. ब्लूटूथच्या यादीत मात्र घड्याळाचं नाव व्यवस्थित दिसत होतं, खाली 'Saved' असंही लिहिलेलं. म्हणजे फोनच्या मते ओळख आहे, फक्त बोलणं बंद आहे.

ब्लूटूथ बंद-चालू केलं, फोन बंद-चालू केला, काही नाही. मग यादीतलं नाव दाबून 'Forget' केलं आणि पुन्हा शोधलं. घड्याळ सापडलं, दाबलं, दहा सेकंद विचार केला आणि फोन म्हणाला, पिन किंवा पासकी चुकीची आहे म्हणून जोडता येत नाही. अहो, मला पिन विचारला कुणी? घड्याळावर तर काहीच उमटलं नव्हतं. हे मी चार वेळा केलं. पाचव्या वेळी कळलं की फोन विसरला, पण घड्याळ काही विसरलेलं नाही. त्याच्या डोक्यात जुनाच फोन होता.

माझ्या घड्याळात 'जोडणी तोडा' असा सरळ पर्याय नाही. सेटिंगमध्ये सगळ्यात तळाशी रिसेट आहे. ते केलं. नवं कोरं झालं, भाषा विचारायला लागलं, अ‍ॅपमधून जोडलं, झालं एकदाचं असं वाटलं. संध्याकाळी फोन आला तर घड्याळ वाजेना. ब्लूटूथची यादी पाहिली तर त्याच घड्याळाचं दुसरं नाव, शेवटी Call लावलेलं, जुन्या जोडणीतलं तिथेच बसलेलं. दोन्ही नावं काढली, घड्याळ परत रिसेट केलं, अ‍ॅपमधून परत जोडलं, तेव्हा कुठे सगळं सुरळीत झालं. या भानगडीत चार दिवसांची झोप आणि पावलं गेली, कारण ती घड्याळातच होती आणि फोनकडे पोहोचलीच नव्हती.

तुमच्याकडे असं झालंय का? काय केलंत? आणि ते 'कॅशे पुसा' सगळे सांगतात, त्याने खरंच काही होतं का?

निवांत७

कॅशेनेच होतं. सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, वर तीन टिंबं, सिस्टिम अ‍ॅप दाखवा, त्यात Bluetooth, मग Storage, मग 'Clear cache'. फोन बंद करून चालू केला की घड्याळ आपोआप जोडलं गेलं. रिसेटबिसेट काही लागलं नाही. लोक उगाच घड्याळ पुसून बसतात.

खटपट्या

निवांतराव, तुमचं काम झालं हे खरं, पण ते कॅशेने झालं असं मला वाटत नाही. बहुधा फोन बंद करून चालू केलात त्याने झालं.

पहिल्यांदा जोडताना फोन आणि घड्याळ मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघंही आपापल्याकडे जपून ठेवतात. पुढे प्रत्येक वेळी तीच किल्ली जुळवून बोलणं सुरू होतं. ही किल्ली कॅशेत नसते. त्यामुळे 'Clear cache' केल्याने किल्ली जात नाही आणि बिघडलेली दुरुस्तही होत नाही. कॅशे पुसण्यात धोका नाही म्हणून सगळे ते आधी सांगतात, इतकंच. ज्याचं नुसतं अ‍ॅप अडकलंय त्याला घड्याळाच्या अ‍ॅपची कॅशे पुसून कधी कधी फायदा होतो. किल्लीचा घोळ असेल तर नाही.

सायलीताईंचा घोळ किल्लीचाच होता. 'Forget' म्हटल्यावर फोनने आपली किल्ली टाकली, घड्याळाने ठेवली. नवी ठरवायला फोन गेला की घड्याळ म्हणतं, आपलं ठरलंय की आधीच. फोनला उत्तर मिळत नाही आणि तो बिचारा पिनच्या नावाने खडे फोडतो. उलटही होतं. फक्त घड्याळ रिसेट केलं तर फोन जुनी किल्ली घेऊन दार वाजवत बसतो. पूर्वी अँड्रॉइड अशा वेळी जुनी जोडणी गुपचूप काढून नवी करायला घ्यायचा. अँड्रॉइड १६ पासून सुरक्षेसाठी तसं करत नाही, किल्ली हरवली आहे एवढं कळवतो आणि काय करायचं ते तुमच्यावर सोडतो. तेही प्रत्येक कंपनीच्या फोनवर सारखं दिसत नाही. म्हणून 'पूर्वी नुसतं घड्याळ पुसलं की जोडलं जायचं' हा अनुभव खरा असला तरी अपडेटनंतर चालेलच असं नाही.

मी हे या क्रमाने करतो. घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये डिव्हाइस काढून टाकायचा पर्याय असेल तर आधी तो, कारण काही घड्याळं खात्याला बांधलेली असतात आणि तिथे सोडवल्याशिवाय दुसऱ्यांदा जोडून घेत नाहीत. मग फोनच्या ब्लूटूथ यादीतून त्या घड्याळाची असतील तेवढी सगळी नावं. मग घड्याळ रिसेट. मग फोन बंद-चालू. आणि शेवटी जोडायचं ते अ‍ॅपमधून, ब्लूटूथच्या यादीतून नाही. यादीतून दाबलं की बरेचदा फक्त कॉलची बाजू जोडली जाते, पावलांची राहते आणि माणूस गोंधळतो.

निवांत७

असेल तुमचं. पण माझ्या बायकोच्या फोनवरही कॅशेनेच झालं. दोन वेळा योगायोग?

खटपट्या

तिथेही फोन बंद-चालू केलात ना? पुढच्या वेळी कॅशे न पुसता नुसतं तेवढंच करून बघा आणि सांगा.

मेघमल्हारी

माझं पण घड्याळ अपडेटनंतर बिघडलं. जोडलेलं दाखवतं, पावलं येतात, हृदयाचे ठोके येतात, फक्त मेसेज आले की थरथरत नाही. मी वरचं सगळं वाचून घड्याळ रिसेट करायला घेतलंय. आधी 'Forget' करू का?

सायली_उवाच

थांबा थांबा! तुमची जोडणी शाबूत आहे, पुसू नका. पावलं येत असतील तर किल्ली ठीक आहे. सूचना वाचायची परवानगी वेगळी असते, अपडेटनंतर ती गेली असेल. घड्याळाच्या अ‍ॅपला 'Notification access' दिलाय का तेवढं बघा.

मेघमल्हारी

बंदच होता! चालू केला, थरथरलं. अर्धा रिसेट झाला असता तर चार दिवस तुमच्यासारखे माझेही गेले असते.

जुनेजाणते

वय सत्तरच्या पुढे, तरी सांगतो. माझ्या फोनला घड्याळ सापडतच नव्हतं. यादीत नावच नाही. मुलगा परगावी, फोनवर सांगत होता की बाबा, घड्याळ रिसेट करा. दोनदा केलं. तरी सापडेना. शेवटी नातीने पाहिलं. अपडेटनंतर अ‍ॅपने 'Nearby devices' ची परवानगी मागितली होती आणि मी सवयीने नको म्हटलं होतं, तेही दोनदा. दोनदा नको म्हटलं की अ‍ॅप पुन्हा विचारत नाही, असं ती म्हणाली. सेटिंगमध्ये जाऊन तिने दिली, दोन मिनिटांत घड्याळ हजर. दोन रिसेट फुकट गेले.

एक विचारतो. आमच्या जुन्या फोनवर हेच अ‍ॅप ठिकाण मागायचं. घड्याळाला माझं ठिकाण कशाला हवं होतं?

खटपट्या

काका, ते तुमच्या ठिकाणासाठी नव्हतं, निदान मुख्यतः नव्हतं. आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायची तर ठिकाणाची परवानगी लागेल असा अँड्रॉइडचाच नियम होता. अँड्रॉइड १२ मध्ये त्यासाठी 'Nearby devices' ही वेगळी परवानगी आली. आणि नातीचं म्हणणं बरोबर आहे. मी तर म्हणेन, घड्याळ यादीत दिसतंय पण जोडलं जात नाही तर किल्ली बघा. दिसतच नसेल तर आधी परवानगी बघा आणि त्यानंतरच रिसेट.

रानवारा

दिसतच नाही याचं तिसरंही कारण असतं, माझ्याकडे तेच निघालं. अपडेटच्या आधी कधीतरी हेच अ‍ॅप मी टॅबलेटवर टाकून घड्याळ जोडून पाहिलं होतं आणि विसरून गेलो होतो. अपडेट लागताना फोन बंद झाला, तेवढ्यात ड्रॉवरमधल्या टॅबलेटने घड्याळ पकडलं. एकाशी जोडलेलं असलं की माझं घड्याळ दुसऱ्याला 'मी इथे आहे' असं सांगतच नाही.

nRF Connect नावाचं फुकट अ‍ॅप आहे, आसपास जे जे ब्लूटूथ ओरडतंय ते सगळं दाखवतं. त्यात शेजाऱ्यांचा टीव्हीसुद्धा दिसला, पण माझं घड्याळ नाही. समोर, हातभर अंतरावर असून नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टॅबलेटचं ब्लूटूथ बंद केलं आणि पाच-सहा सेकंदांत नाव उगवलं. फोन, घड्याळ, कॅशे, कशालाही हात न लावता.

खटपट्या

हे भारी. माझ्या यादीत हे पहिल्या पायरीवर यायला हवं होतं.

तिखटमीठ

आयफोनवाल्यांचं पण ऐका. आमच्याकडे ब्लूटूथची कॅशे पुसायची सोयच नाही, त्यामुळे तो वाद नाही. पण दोन्हीकडून तोडा हा सल्ला इथे जसाच्या तसा लागू करू नका. मी शहाणपणा करून अ‍ॅपल वॉच आधी घड्याळावरूनच पुसलं. पुसलं गेलं, पण अ‍ॅक्टिव्हेशन लॉक तसंच राहिलं आणि जोडताना अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड मागत बसलं. तो मला आठवत नव्हता, त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. चूक माझीच. फोनवरच्या वॉच अ‍ॅपमधून 'Unpair Apple Watch' केलं असतं तर त्याने आधी बॅकअप घेतला असता, पासवर्ड घेऊन लॉकही सोडवलं असतं आणि घड्याळही स्वतःच पुसलं असतं. दोन्ही उपकरणं जवळ ठेवून एकाच ठिकाणाहून करायचं काम आहे ते.

निळीशाई

'Clear cache' च्या शेजारी 'Clear storage' असतं, ते दाबू नका एवढंच सांगायला आले. मी दाबलं. अ‍ॅपमध्ये खातं उघडलेलं नव्हतं, पाहुणी म्हणून वापरत होते. दोन वर्षांचं चालणं त्या फोनमध्येच होतं. घड्याळ जोडलं गेलं हो, अगदी लगेच. आलेख शून्यापासून सुरू.

सायली_उवाच

अरेरे. खातं उघडलेलं असतं तर परत आलं असतं का?

निळीशाई

सर्व्हरवर गेलं असतं तेवढं आलं असतं. आता उघडलंय, वरातीमागून घोडं.

अर्धवटराव

माझं अजून सुटलेलं नाही. खटपट्यांच्या क्रमाने सगळं केलं. दोन्ही नावं काढली, रिसेट, फोन बंद-चालू, अ‍ॅपमधून जोडणी. छान जोडलं जातं. दुसऱ्या दिवशी रात्री तुटतं आणि पुन्हा तीच पिन चुकीची असल्याची तक्रार. बॅटरीच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपला 'Unrestricted' केलंय. टॅबलेट घरात नाही.

खटपट्या

बॅटरीमुळे अ‍ॅप मरतं, किल्ली जात नाही. पिनची तक्रार परत येतेय म्हणजे दोघांपैकी एक जण रात्री किल्ली टाकतोय. तुटल्यावर काही न पुसता आधी फोनची ब्लूटूथ यादी बघा. घड्याळाचं नाव तिथे असेल तर घड्याळ विसरतंय असा संशय, नसेल तर फोन. घड्याळाची बॅटरी रात्री पूर्ण उतरते का?

अर्धवटराव

उतरत नाही, चाळीस टक्के तरी असते. काल रात्री तुटलं तेव्हा बघितलं. एक नाव होतं, Call वालं नव्हतं.

खटपट्या

हे मला अपेक्षित नव्हतं. Call वालं फोनने टाकलं आणि दुसरं ठेवलं, असं? घड्याळाचं स्वतःचं फर्मवेअर अपडेट अ‍ॅपमध्ये आलंय का बघा. नसेल तर दोन दिवस कॉलची बाजू जोडूच नका, फक्त अ‍ॅपची जोडणी ठेवा, आणि तुटतं का सांगा.

अर्धवटराव

अपडेट नाही. आज कॉलविना जोडलंय. परवा सांगतो.