काळा-पांढरा फोटो, निळी बटणं

> राजवाड्याचा जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो वॉलपेपरला लावलाय, तरी बटणं निळी का?

कारण फोनला त्यात रंगच सापडत नाही. अँड्रॉइड १२ पासून (२०२१) वॉलपेपरची लहान प्रत करून त्यातले रंग मोजले जातात, आणि फिकट, जवळजवळ करडे असलेले आधीच बाद होतात. उरलेल्यांतून एक मूळ रंग निवडून त्याच्या गडद-फिकट छटांवर सगळी थीम उभी राहते. काहीच उरलं नाही, तर ठरलेला निळा येतो.

स्कॅन केलेल्या फोटोत आणखी एक गंमत असते. आमच्या इंदूरच्या घरातला आजोबांचा फोटो डोळ्यांना काळा-पांढराच दिसतो, पण कागद पिवळटलेला. तेवढी झाक पुरते! नेहमीच्या थीममध्ये रंगाची तीव्रता फोन स्वतः ठरवतो, फोटोतून घेतो ती फक्त रंगाची जात. त्यामुळे पुसटशा पिवळ्यावरून अख्खा क्विक सेटिंग्ज शेवाळी-तपकिरी झाला होता. फोटो एडिटरमध्ये सॅच्युरेशन शून्यावर आणून पुन्हा लावला, की तुमच्यासारखाच निळा.

दोन्ही नको असतील तर पिक्सेलवर Wallpaper & style मध्ये वॉलपेपरचे रंग सोडून शेजारच्या तयार रंगांतला एक निवडा (इतर कंपन्यांच्या फोनवर नावं वेगळी). मग वॉलपेपर बदलला तरी तो रंग टिकतो. म्हणूनच पुढे कधी नवा फोटो लावून ‘थीम बदलतच नाही’ असं वाटलं, तर आधी तिथेच बघा. ज्या अ‍ॅपने ही सोय घेतलेलीच नाही, ते मात्र आपल्याच रंगात राहणार.