शैलाकाकूंसाठी 10 नंबरच्या सुया (नितीन गुरुवारी अमेरिकेहून निघतोय, लवकर सांगा)

मेघना, सोमवार रात्री

मंडळी, शैलाकाकू आता लिस्टवर नाहीत, म्हणून इथे मोकळेपणाने लिहितेय. मी गुहागरला त्यांच्याकडेच आहे. पुढच्या आठवड्यात त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतील. साडी-शाल नको, विणायच्या सुया द्याव्यात असं मला वाटतं. त्याचं कारण सांगते.

वहिनींच्या नातवासाठी काकू पांढऱ्या सुती धाग्याचं टोपडं विणतायत. पाऊस लागला, काकूंना ताप आला आणि आठ दिवस काम सुईवर तसंच राहिलं. काल पडवीत उलगडून पाहिलं तर टोपड्यावर तपकिरी आडवी रेघ, जिथे सुई होती बरोबर त्याच ओळीवर. सुयांचा मुलामा उडालाय आणि आतलं लोखंड गंजलंय.

काकू म्हणतात, "मला आपल्या 10 नंबरच्या बऱ्या." नितीन, तुझ्या बॅगेतून एक जोडी आणशील का? गंजणारी नको.

नितीन, मंगळवार सकाळी

घेतल्या. बांबूच्या, 10 नंबर, 10 इंच लांब. हातात छान भरीव लागतात. नाटकाचे कपडे मात्र माझ्या बॅगेत कोणी टाकू नका, हे मी मागच्या मीटिंगलाच सांगितलंय.

वसुधाताई, मंगळवार

नितीन, पाकीट फोडू नकोस. त्यावर नंबराशेजारी 6 मिमी लिहिलेलं असेल, बघ. काकूंचा 10 नंबर म्हणजे सव्वातीन मिमी. आपल्याकडे जुना इंग्रजी नंबर चालतो. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते, आणि इथे अमेरिकेत आकडा वाढला की जाड. इथली 10 काकूंच्या 10 च्या जवळजवळ दुप्पट जाड आहे.

टोपड्याच्या हिशोबाने सांगते. नेहमीचा फोर-प्लाय धागा सव्वातीनच्या सुईवर विणला की दहा सेंटीमीटरला 28 टाके बसतात. 84 टाके घातले तर घेर 30 सेंटीमीटर. तोच धागा तू आणलेल्या सुईवर माझ्या हाताने 18 टाके भरतो. म्हणजे तेच 84 टाके 46 सेंटीमीटरच्या पुढे जातील. बारशाच्या बाळाचं डोकं 35 च्या आसपास असतं. टोपडं गळ्यात येईल आणि वीण इतकी विरळ होईल की त्यातून बोट जाईल.

प्रकाश, मंगळवार

वसुधाताई, एवढं कशाला? सोपं गणित आहे. 14 मधून आपला नंबर वजा करायचा. आपली 8 म्हणजे अमेरिकेची 6. माझ्या आईच्या सुया मी अशाच घेतल्या होत्या, बरोबर आल्या. 14 वजा 10 म्हणजे 4. नितीन, 4 नंबर घे. आणि बांबू अजिबात नको, कोकणात बुरशी येते. सोबत चांगली मेरिनो लोकर घे, बाळाला ऊब लागते.

वसुधाताई, मंगळवार रात्री

प्रकाश, तुझं गणित बऱ्याच सुयांना बरोबर लागतं. 8 ला लागलं, 9 लाही लागतं. 10 ला मात्र ते चुकतं. अमेरिकेची 4 म्हणजे साडेतीन मिमी, आणि काकूंना हवी ती इथली 3. फरक पाव मिमीचाच आहे, पण काकूंचा हात सैल आहे. पाव मिमीने त्यांची वीण आणखी ढिली पडेल. नितीनने नंबर न बघता पाकिटावर 3.25 मिमी छापलंय का तेवढंच बघावं.

अनघा, बुधवार

काकूंना मशीन देणार असाल तर व्होल्टेज बघा! मी सासूबाईंसाठी इथून शिलाई मशीन नेलं होतं, 110 व्होल्टचं. राजापूरला घरच्या सॉकेटला लावलं आणि दोन मिनिटांत मोटर जळाली. तिथे 230 असतं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिलं.

मेघना, बुधवार

अनघा, मशीन नाही गं, हातातल्या सुया.

वसुधाताई, काकूंच्या सुयांच्या बोंडावरचा आकडा झिजलाय, म्हणून आज मोजूनच पाहिलं. दोन जोड्या होत्या. चारही सुया एकमेकींना चिकटवून पट्टीवर ठेवल्या. रुंदी बरोबर 13 मिमी भरली, म्हणजे एक सव्वातीन. साडेतीनच्या असत्या तर 14 भरली असती.

अजून एक. काकू उजवी सुई काखेत दाबून विणतात. जुनी सुई 14 इंची आहे. नितीनची 10 इंची काखेपर्यंत पोहोचणारच नाही.

सुहास (खजिनदार), बुधवार

पंचाहत्तरीच्या भेटी मंडळाच्या खात्यातून द्यायच्या नाहीत असं फेब्रुवारीत ठरलंय. ज्यांना द्यायचंय त्यांनी आपसांत पैसे काढावेत. विणकाम गटाची माप तपासायची पट्टी कोणाकडे आहे? दोन वर्षं कपाटात नाही.

वसुधाताई, बुधवार

पट्टी माझ्याकडे आहे सुहास, गट मी चालवते म्हणून.

काखेत धरून विणतात म्हटल्यावर तारेच्या गोल सुयांचा विचारच सोडा, सरळ 14 इंचीच हव्यात. आता बांबू की अॅल्युमिनियम. प्रकाशचं बुरशीचं खरं आहे, पण डबा बंद ठेवला तर. माझ्या आईच्या बांबूच्या सुया देवगडला अनेक पावसाळे टिकल्या. ती त्या उघड्या पेल्यात उभ्या ठेवायची आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवून लगेच पुसायची. मात्र आषाढात धागा त्यांच्यावर अडकत सरकायचा. अॅल्युमिनियम गंजत नाही. पण सुती धागा त्यावरून पटकन निसटतो, आणि खाऱ्या हवेत सुई काळपट झाली की पांढऱ्या धाग्याला तो रंग लागतो. सैल हाताला मी बांबू देईन.

मेरिनो नको. बंद कपाटात कसर लागते, आणि गुहागरच्या उकाड्यात बाळाला लोकर कोण घालणार? सुती धागाच घ्या, 50 ग्रॅमचे दोन गुंडे, दोन्हींवर एकच लॉट नंबर बघून. एका गुंड्यात टोपडं होतं, दुसरा मोज्यांना आणि उसवलं तर. सुती धागा लोकरीसारखा ताणत नाही, म्हणून 84 नाही, 92 टाके घाला. घेर 33 सेंटीमीटरच्या आसपास बसेल आणि दोन सुलट दोन उलटची बॉर्डरही बरोबर जुळेल.

प्रकाश, बुधवार रात्री

लोकरीबाबत मी अजून माझ्या मतावर आहे. धुवून उन्हात वाळवून ठेवली की कसर लागत नाही. पहाटे समुद्रावरून वारा येतो तेव्हा गुहागरलाही गार वाटतं.

मेघना, गुरुवार पहाटे

गंजाच्या डागाचं काय करू? काकू टोपडं उसवायला निघाल्यात. शेजारच्या वहिनी ब्लीच लावा म्हणतायत.

वसुधाताई, गुरुवार

ब्लीच अजिबात नको, त्याने गंज पक्का बसतो. लिंबाचा रस आणि मीठ डागावर चोळ, उन्हात ठेव, सुकलं की पुन्हा रस लाव. उघडीप मिळाली पाहिजे. पांढरा सुती आहे म्हणून चालेल, रंगीत धाग्यावर करू नकोस. गेला नाही तर तेवढ्या दोन ओळी उसवा, सगळं नको.

नितीन, गुरुवार दुपारी

बदलून घेतल्या. 3.25 मिमी, 14 इंची, बांबूच्या. पाकिटावर 3 नंबर आहे, काकूंना आधी सांगून ठेव, नाहीतर चुकीच्या आणल्या म्हणतील. दोन गुंडे सुती, एकाच लॉटचे. सुया आणि कात्री चेक-इन बॅगेत टाकल्यात. चिपळूणला शनिवारी उतरतो, तिथून एसटी. आठ डॉलर प्रकाशकडून यायचे आहेत.