मदत हवी आहे: पगाराच्या दिवशीच बचत आपोआप वळती व्हावी म्हणून कुठली तारीख लावू? (हप्ते बाउन्स झालेत)

भांडुपचा_बंड्या

भांडुपला भाड्याने राहतो, सीप्झमध्ये नोकरी. हातात 46,000 येतात. त्यातले 15,000 घरभाडं, 6,000 गावी आईला. तीन वर्षं "महिनाअखेरीला उरेल ते टाकू" असं चाललं होतं. उरायचं काय, तर 25 तारखेनंतर मित्राकडून घेतलेले हजार-दोन हजार.

म्हणून यंदा पगार जमा होतो त्याच बँकेत 4,000 ची आरडी आणि म्युच्युअल फंडात 3,000 ची एसआयपी सुरू केली. पगार 30-31 ला येतो, म्हणून दोन्हींची तारीख 1 लावली. पैसे दिसायच्या आधीच गेलेले बरे, असा हिशोब. दोन महिने झकास गेले. गेल्या महिन्यात मध्ये शनिवार-रविवार आले आणि पगार 1 तारखेला संध्याकाळी साडेसहाला पडला. एसआयपीवाल्यांनी सकाळीच हात घातला होता. खात्यात होते 812 रुपये. बँकेने 590 कापून घेतले. आरडीचा हप्तापण गेला नाही, पण त्याचे वेगळे पैसे अजून तरी लागलेले दिसत नाहीत.

आता तारीख 7 केली तर बाउन्स होणार नाही, हे मलाही कळतं. पण मग आठवडाभर सगळा पगार खात्यात लोळत राहणार, आणि मी मला चांगला ओळखतो. दोन्ही गोष्टी कशा जमवायच्या?

स्पष्टवक्ता

तुम्ही हे फार हलक्यात घेताय. ऑटो डेबिट बाउन्स होणं चेक बाउन्ससारखंच आहे. 2007 च्या पेमेंट सिस्टीमच्या कायद्यात कलम 25 वाचा, दोन वर्षांपर्यंत कैद आहे. वर सिबिल खराब होतो तो वेगळाच. एसआयपी ताबडतोब बंद करा.

सुमेधा_मुलुंड

बंड्या, घाबरू नका. स्पष्टवक्ता, कलम बरोबर सांगितलंत, पण ते दुसऱ्याचं देणं फेडण्यासाठी लावलेल्या डेबिटला लागतं, म्हणजे कर्जाचा हप्ता वगैरे. एसआयपी हे कुणाचं देणं नाही, स्वतःच्याच गुंतवणुकीचा हप्ता चुकला इतकंच. सिबिलमध्येही एसआयपी जात नाही. उद्या याच खात्यातून बाइकच्या लोनचा हप्ता जायला लागला, तर मात्र हीच चूक खरोखर महागात पडेल. फक्त महिन्याची एसआयपी लागोपाठ तीनदा परत गेली तर ती रद्द होते, तेवढं सांभाळा.

मी चौदा वर्षं बँकेच्या क्लिअरिंगमध्ये होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचे दोन हप्ते दोन वेगळ्या वाटांनी जातात. आरडी त्याच बँकेतली, तिची स्थायी सूचना बँकेच्या स्वतःच्या सिस्टीममध्ये चालते. पैसे नसले तर ती सूचना पार पडत नाही. काही बँका संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करतात, काही करत नाहीत, हे शाखेत विचारूनच कळेल. आरडीचा हप्ता उशिरा भरला की थोडा दंड लागतो, तो बरेचदा शेवटी हिशोबात दिसतो. त्यामुळे "लागलेले दिसत नाहीत" यावर फार विसंबू नका.

एसआयपी बाहेरून येते. तुम्ही दिलेलं मँडेट, म्हणजे पैसे कापायची लेखी परवानगी, वापरून फंडाची बँक नॅच या बँकांमधल्या वसुलीच्या यंत्रणेतून तुमच्या बँकेकडे पैसे मागते. ही मागणी सकाळी येते, आणि त्या वेळी शिल्लक नसेल तर परत जाते. संध्याकाळी पगार आला म्हणून ती परत फिरून येत नाही. आणि 590 म्हणजे 500 अधिक 18 टक्के जीएसटी. पासबुकात ACH असं लिहिलेली ओळ शोधा, तिच्याच आसपास दंडाची ओळ सापडेल.

अजून एक. ऑगस्ट 2021 पासून नॅच रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालतं. पगार काढणारं तुमचं अकाउंट्स डिपार्टमेंट मात्र रविवारी नसतं. तुमची गाडी नेमकी इथेच चुकली.

आधी एक करा. गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि पगार कुठल्या तारखेला आला ते बघून इथे लिहा. "30-31 ला येतो" हे आठवणीतलं झालं.

मीनल_लालबाग

मी तर भिशीच लावते. आमच्या ऑफिसात बाराजणी आहेत, 5 तारखेला 3,000 काढून द्यायचे म्हणजे द्यायचे. नाही दिले तर कॅन्टीनमध्ये तोंड दाखवता येत नाही. कसली मँडेटं नि काय!

भांडुपचा_बंड्या

मीनलताई, आमच्या टीमची भिशी दुसऱ्याच महिन्यात मोडली होती, त्यामुळे नको.

सुमेधाताई, काढलं स्टेटमेंट. बारापैकी आठ वेळा 30 किंवा 31. फेब्रुवारीत 28. दोनदा 1 तारीख. आणि एकदा चक्क 3, तेव्हा दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. म्हणजे माझा समज चुकीचाच होता.

सुमेधा_मुलुंड

छान. म्हणजे सगळ्यात उशीर 3 तारीख. त्याच्यापुढे दोन दिवस सोडून 5 पासूनच सगळं लावायचं. एसआयपीची तारीख बदलायला बहुतेक वेळा जुनी थांबवून नवी सुरू करावी लागते, मँडेट तेच चालतं. आदल्या दिवशी करू नका, नाहीतर त्या महिन्याचा जुना हप्ता निघूनच जातो.

आता खरा प्रश्न, मधल्या दिवसांचा. बचत आधी व्हायला हवी म्हणून आपण तारीख मागे खेचतो. त्यापेक्षा पगाराच्या खात्याला हातच लागणार नाही असं करून बघा. तुम्ही खर्च कशाने करता? यूपीआयने ना? मग पगाराचं खातं यूपीआयच्या ॲपमधून काढून टाका, त्याचं डेबिट कार्ड घरी कपाटात. यूपीआय फक्त दुसऱ्या खात्याला. मग पगार 30 ला येऊ दे नाहीतर 3 ला, तो तिथे बसून राहतो.

आणि आपोआप वळते करायचे ते खर्चाचे पैसे. तुमच्याच आकड्यांवर करून दाखवते. 46,000 मधून भाडं 15,000, आईला 6,000, बचत 7,000 गेली की राहिले 18,000. वीज, मोबाइल, गॅस, लोकलचा पास किती धरू?

भांडुपचा_बंड्या

2,800 धरा. पास तीन महिन्यांचा काढतो, त्याचा तिसरा हिस्सा त्यातच आला.

सुमेधा_मुलुंड

मग उरले 15,200. आता इथे लोक दर सोमवारी 3,800 लावतात आणि पाच सोमवारांच्या महिन्यात फसतात, कारण 19,000 जातात. वार लावू नका, तारखा लावा. 5, 12, 19 आणि 26. पहिल्या तीन तारखांना 3,500 आणि 26 ला 4,700, कारण 26 पासून पुढच्या 4 पर्यंत नऊ-दहा दिवस काढायचे असतात. बेरीज बरोबर 15,200.

नेट बँकिंगमध्ये या चार वेगळ्या मासिक स्थायी सूचना होतील. दुसऱ्या बँकेत एनईएफटीने पाठवले तरी चालेल, बचत खात्यातून ऑनलाइन केलं तर 2020 पासून त्याचे पैसे लागत नाहीत. आईचे, भाड्याचे आणि आरडीचे 5 लाच. एसआयपी मात्र 7 ला ठेवा, बाउन्सचा दंड तिलाच लागतो म्हणून तिला दोन दिवस जास्त.

स्पष्टवक्ता

कलमाबद्दलची दुरुस्ती मान्य. पण ही आयडिया कागदावर छान आहे. दुसऱ्या खात्यात किमान शिल्लक ठेवायला लागते, त्याचा दंड कोण भरणार? आणि मोबाइल बँकिंग उघडून पाच सेकंदांत पैसे इकडचे तिकडे करता येतातच की.

सुमेधा_मुलुंड

पहिला मुद्दा रास्त आहे. खातं उघडण्याआधी विचारायलाच हवं. स्टेट बँकेने 2020 मध्ये साध्या बचत खात्यावरची किमान शिल्लक काढून टाकली, तसं एखादं घ्यावं. दुसऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतः पगाराच्या बँकेचं ॲप फोनवर ठेवत नव्हते, लॅपटॉपवरून लॉगिन करायचे. तेवढा आळस मला पुरला, सगळ्यांना पुरेल असं नाही.

नाना_गिरगाव

आमच्या वेळी पतपेढीचा हप्ता पगारपत्रकातच कापला जायचा. हातात पाकीट यायचं तेच कापून. तारीख नाही, बाउन्स नाही. आज त्याच्या सगळ्यात जवळचं म्हणजे व्हीपीएफ. पीएफ कापतात त्याच्यावर आणखी कापायला एचआरला लिहून द्यायचं. फक्त तो पैसा म्हातारपणाचा समजावा, आणि बहुतेक कंपन्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच बदल करू देतात. बंड्याने आरडी ठेवावी, एसआयपीचं बघावं.

रोहिणी_कल्याण

माझी अडचण जरा वेगळी. छोट्या फर्ममध्ये आहे, पगार 8 ते 12 मध्ये कधीही. मी काय करू?

नाना_गिरगाव

पोस्टाची आरडी, पण खातं 16 तारखेनंतर उघडायचं. मग हप्त्याला महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत मुदत मिळते. 15 च्या आत उघडलंत तर दर महिन्याला 15 च्या आत भरावा लागतो, आणि चुकलं की शंभराला एक रुपया. चार हप्ते चुकले तर खातं बंद पडतं.

भांडुपचा_बंड्या

अपडेट. वडिलांबरोबरचं जुनं संयुक्त खातं होतं, त्याला यूपीआय लावलं. पगाराचं खातं काढून टाकताना ॲपमध्ये ऑटोपेची यादी बघितली, तर तीन मँडेटं त्याच खात्यावर चालू! एक ओटीटीचं, एक जिमचं जिथे मी मार्चपासून पाय ठेवलेला नाही, आणि एक कशाचं ते अजून कळलं नाही, 299 रुपये. पहिली दोन रद्द केली.

अजून एक भानगड. एसआयपीच्या मँडेटवर रक्कम 10,000 दिसतेय, मी तर 3,000 चीच सांगितली होती. हे काय?

सुमेधा_मुलुंड

ती कमाल मर्यादा. जाणार 3,000 च. पुढे हप्ता वाढवलात तर नवं मँडेट करायला लागू नये म्हणून तसं घेतात. ते 299 वालं आधी ॲपमध्येच थांबवा, ज्याचं असेल तो आपणहून फोन करेल. आणि 590 साठी शाखेत एक अर्ज देऊन बघा. पहिलीच वेळ असेल तर काही मॅनेजर परत देतात, सगळे नाही.

भांडुपचा_बंड्या

अर्ज दिलाय. बाई म्हणाल्या, "बघू". आरडीची स्थायी सूचना पैसे नसले तर पुन्हा चालते का, हेही विचारलं, तर दोन काउंटरवर दोन उत्तरं मिळाली.