साहेब वकिली बंद करून राहिले, पक्षकारांना पत्र कसं लिहू? (मदत हवी आहे)

मुन्शी_दारव्हा: नमस्कार मंडळी, आमचे साहेब दिवाळीनंतर प्रॅक्टिस सोडून राहिले. पक्षकारांना कळवायचं आहे की फाईल आन अॅडव्हान्स दोन्ही ज्युनिअर वकिलाकडे वळते होतील. फॉरमॅट असेल तर टाका, उद्या पाहिजे.

पांढरं_सोनं: फाईली किती? पैसा कुठं लिहून आहे का साहेबांच्या डोक्यातच?

मुन्शी_दारव्हा: ४३ चालू. डायरीत आहे, पावत्या सगळ्यांले नाही दिल्या. पण मी फॉरमॅट मागितला भाऊ.

कोर्टपक्षी: दोन ओळी लिहा. पत्र गेलं की वकीलपत्र आपोआप संपते.

जुना_नाझर: आपोआप काही संपत नाही. सीपीसी ऑर्डर ३ रूल ४ वाचा, कोर्टाची परवानगी लागते. तोवर रेकॉर्डवर साहेबच, तारखेला कोणी उभं नसलं तर दावा डिफॉल्टमध्ये जातो आन पक्षकार बसतो घरी पत्र वाचत. म्हणून प्रत्येक पत्रात त्याची पुढची तारीख आन केस कुठवर आली ते लिहा. दुसरं, "वळते होतील" हे खोडा. वकील पक्षकारानं निवडायचा. ज्युनिअर, दुसरा कोणी, का फाईल घरी, खाली सही घ्या. अस्सल खरेदीखत परत देताना पोच घ्या.

मुन्शी_दारव्हा: आन पैसा?

जुना_नाझर: न केलेल्या कामाची फी परत करावी लागते, बार कौन्सिलचा नियमच आहे. एक फाईल सांगा.

मुन्शी_दारव्हा: वाटणीचा दावा, आपण प्रतिवादी. ठरले २५,०००, आले १५,००० आन खर्चाचे वेगळे ३,०००. कैफियत दिली, मुद्दे निघाले, पुरावा बाकी. खर्चातले १,८०० लागले.

जुना_नाझर: खर्चाचे १,२०० तर सरळ परत. फीचे समजा झालेल्या कामाचे १०,००० धरले तर ५,००० परत, म्हणजे ६,२०० चा चेक पक्षकाराच्या नावानं. ज्युनिअरला तो त्याच्या हातानं देईल.

कोर्टपक्षी: १०,००० कोणी ठरवले? आमच्याकडे कैफियत दिली की अर्धी फी धरतात, म्हणजे १२,५००.

जुना_नाझर: म्हणून तर आकडा पत्रात लिहा, पटला नाही तर तो येऊन भांडेल तरी.

शेतकरी_पोर: माह्या बाबाच्या फेरफारचं काय हो, तलाठी तीन महिन्यापासून फिरवून राहिला.

पांढरं_सोनं: वेगळा धागा काढ ना बे.

वऱ्हाडी_ताई: ज्याची फी बाकी आहे त्याची फाईल ठेवून घ्या, पाय धरत येईल.

जुना_नाझर: ताई, २००० सालीच सुप्रीम कोर्टानं सांगितलं, फीसाठी फाईल अडवता येत नाही. वसुलीचा दावा वेगळा टाका.

मुन्शी_दारव्हा: साहेबांले वाचून दाखवलं. म्हणे चेकचं ठीक, पण एका म्हाताऱ्याच्या पानावर ८,००० लिहून आहेत, तो १०,००० दिले म्हणते, पावती नाही आन लिहिणारा मीच. पत्रात कोणता आकडा टाकू?

पांढरं_सोनं: आता समजलं डायरीचं काहून विचारलं होतं?