पहिल्या व्हिडिओ कॉलवर स्वतःची ओळख कशी करून द्यावी? (वेबसाइटच्या वेगाचं काम, गुरुवारी कॉल आहे)

काजवा · सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. नोकरी सोडून सात महिने झाले. वर्डप्रेस-वूकॉमर्सवर चालणारी ऑनलाइन दुकानं संथ झाली असतील तर ती सुधारून देते. आतापर्यंतची कामं ओळखीतून आली, त्यामुळे 'मी कोण' हे सांगायची वेळच आली नव्हती. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच एका अनोळखी गृहस्थांशी व्हिडिओ कॉल झाला आणि तो मी घालवला. साडेचार मिनिटं मीच बोलत होते. ते 'बरं, कळवतो' म्हणाले, ते अजून कळवतायत.

गुरुवारी दुसरा कॉल आहे. पुण्यातलं घरगुती खाद्यपदार्थांचं दुकान, लाडू, चटण्या, मेतकूट वगैरे. मालक पन्नाशीपुढचे, मराठीतच बोलतात. तक्रार एकच, 'मोबाइलवर साइट उघडतच नाही लवकर.' मी लिहून ठेवलेलं असं:

"नमस्कार सर, मी अमुक. कॉम्प्युटर इंजिनिअर, सहा वर्षांचा अनुभव. वर्डप्रेस, वूकॉमर्स, प्लगिन, होस्टिंग बदलणं, एसईओ, लोगो, सोशल मीडियाच्या पोस्ट, सगळं करते. मागच्या क्लायंटचा पेजस्पीड स्कोअर ३१ वरून ८८ वर नेला आणि त्यांची विक्री ४० टक्क्यांनी वाढली."

यात काय बदलू?

---

रावसाहेब_७० · सोमवार, रात्री १०:४०

मुलाखतीत शिक्षण, मग अनुभव, मग आपले गुणदोष असा क्रम ठेवावा. पगाराची अपेक्षा स्वतःहून सांगू नये. माझ्या पुतण्याला याचा फायदा झाला. शुभेच्छा!

---

भाव_बोला · सोमवार, रात्री ११:०५

काका, मुलाखत नाहीये हो, गिऱ्हाईक आहे :)

काजवा, माझ्या मते ४० टक्के हे पहिलं वाक्य कर. दुकानदाराला स्कोअरशी घेणंदेणं नसतं, गल्ल्यात काय पडलं ते त्याला कळतं. मी जाहिरातींची कामं करतो, आकडा आधी टाकला की माणूस खुर्चीत पुढे सरकतो. नाव-गाव नंतर.

---

घाटमाथा · मंगळवार, सकाळी ७:२०

आकडा आधी हे अर्धं बरोबर आहे. पण कोणता आकडा, यावर सगळं अडतं. काजवा, दोन प्रश्न. ती ४० टक्के वाढ कोणत्या महिन्यातली? आणि ८८ स्कोअर कुठून घेतलास, गूगलच्या पेजस्पीड तपासणीच्या पानाच्या वरच्या भागातून की खालच्या?

---

काजवा · मंगळवार, सकाळी ८:०२

साड्यांचं दुकान होतं. सप्टेंबरमध्ये काम केलं, वाढ ऑक्टोबर-नोव्हेंबरची. स्कोअर खालचा, मोठ्या गोलातला.

---

घाटमाथा · मंगळवार, सकाळी ८:३१

म्हणजे दिवाळी. दिवाळीत साड्यांचा खप वाढला यात तुझा वाटा किती आणि लक्ष्मीचा किती, हे तुलाही सांगता येणार नाही. समोरचा माणूस फराळाचे पदार्थ विकतो! त्या दोन महिन्यांत काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत? 'कोणत्या महिन्यात?' एवढं त्याने विचारलं की तुझा पुढचा प्रत्येक शब्द पातळ होणार. विक्रीचा आकडा सोडून दे.

आता स्कोअरचं. तो गोल म्हणजे एका ठरावीक, जरा हळू नेटवर्कच्या नकली मोबाइलवर पान एकदा उघडून काढलेला गुण. तेच पान पाच मिनिटांनी परत तपास, सहा-आठ गुण इकडेतिकडे होतात. मला एका क्लायंटने बोलता बोलता जुन्या कामाचा पत्ता टाकून दाखवला होता. मी ९१ म्हणालो होतो, तिथे ७४ दिसले. त्यानंतरची वीस मिनिटं मी खुलासे करत बसलो.

त्याच पानावर सगळ्यात वर दुसरी माहिती असते. खऱ्या लोकांनी क्रोममधून ती साइट उघडली तेव्हा काय झालं, याची गेल्या २८ दिवसांची. त्यातला एलसीपी बघ, म्हणजे पडद्यावरची सगळ्यात मोठी गोष्ट दिसायला लागलेला वेळ. बहुतेक दुकानांत तो मुख्य फोटो असतो. शंभरातल्या पंच्याहत्तर भेटींत तेवढ्या वेळात किंवा त्याआधी दिसलं, असा त्या आकड्याचा अर्थ. अडीच सेकंदांच्या आत असेल तर गूगल चांगलं म्हणतं, चारच्या वर गेला तर वाईट. 'सहा सेकंदांनी फोटो दिसायचा, आता अडीचच्या आत दिसतो' हे दुकानदाराला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तुझ्याकडे साड्यांच्या दुकानाचा हा आकडा आहे का? आणि नेमकं काय केलं होतंस?

---

काजवा · मंगळवार, दुपारी १:१५

आहे! कामाआधी आणि नंतर दोन्ही वेळा पान जपून ठेवलं होतं, तारखेसकट. मोबाइलवर ६.१ सेकंद होतं, ऑक्टोबरच्या शेवटी २.४.

बिघाड तसे साधेच होते. वरच्या सरकत्या पट्टीत पाच फोटो, कॅमेऱ्यातून काढून थेट चढवलेले, एकेक अडीच-तीन एमबीचा. त्यावर कुणीतरी 'खाली सरकल्यावरच फोटो आणा' ही सोय सगळ्या फोटोंना लावलेली, अगदी पहिल्यालाही. त्यामुळे जो आधी दिसायचा तोच मागे राहायचा. सर्व्हर अमेरिकेत, गिऱ्हाईक सगळं महाराष्ट्रातलं. पट्टीऐवजी एकच फोटो ठेवला, तो दीडशे केबीच्या आत आणला, पहिल्या फोटोवरची ती सोय काढली, सर्व्हर मुंबईला हलवला, कॅश लावला. तीन आठवडे लागले.

---

घाटमाथा · मंगळवार, दुपारी २:०९

मग तुझ्याकडे सोनं आहे आणि तू पितळ दाखवतेयस. हे बघ:

"नमस्कार, मी अमुक, नाशिकहून बोलतेय. ऑनलाइन दुकानं मोबाइलवर हळू उघडत असतील तर ती दुरुस्त करणं हे माझं काम. त्यात दोन गोष्टी येतात, एकदा साइट सुधारून देणं आणि नंतर महिन्याला तिच्याकडे बघणं. डिझाइन आणि जाहिराती मी करत नाही. मागच्या वर्षी एका साडीच्या दुकानाचं काम केलं. त्यांच्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर पहिला फोटो दिसायला सहा सेकंद लागायचे, तीन आठवड्यांच्या कामानंतर ते अडीचच्या आत आलं. हे गूगलने खऱ्या गिऱ्हाइकांच्या फोनवरून मोजलेलं आहे, हवं तर पान दाखवते. तुमची साइट मी काल माझ्या फोनवर उघडून बघितली. तुम्हाला नेमकी कुठे अडचण दिसते?"

घड्याळ लावून वाच. पाऊण मिनिटात संपलं पाहिजे. शेवटी प्रश्न आहे, तिथे थांबायचं आणि खरोखर गप्प बसायचं. पहिल्या कॉलवर तू यातच चुकलीस असं मला वाटतं.

लोगो, पोस्ट, एसईओ काढून टाकले, कारण त्याने ते विचारलेलंच नाही. सगळं करणारा माणूस स्वस्तात मिळतो अशी लोकांची समजूत असते आणि ती फारशी चुकीचीही नाही.

एक सावधगिरी. त्यांची साइट पण त्या पानावर तपासून घे. गर्दी कमी असेल तर वरच्या भागात 'माहिती नाही' असंच येईल. मग 'तुमचंही सहावरून अडीचवर आणते' असं चुकूनही म्हणू नकोस, मोजायला आधार नसेल. आणि काम संपल्या दिवशी आकडा बदलत नाही, २८ दिवसांची सरासरीसारखी खिडकी असते, ती भरायला महिना जातो. हे आत्ताच सांगितलंस तर नंतर भांडण नाही.

---

भाव_बोला · मंगळवार, दुपारी ३:३०

दिवाळीचा मुद्दा मान्य, सुचला नव्हता. पण 'डिझाइन करत नाही' हे पहिल्याच मिनिटाला? दार उघडायच्या आधीच कडी लावल्यासारखं. शिवाय 'मी' ऐवजी 'आम्ही' म्हण. मोठं वाटतं.

---

जमाखर्च · मंगळवार, संध्याकाळी ६:४८

'आम्ही'वरून माझी गोष्ट. मी छोट्या दुकानांची हिशेबाची कामं घेते, घरूनच. सुरुवातीला 'आमची टीम' म्हणायचे. एका बाईंनी दुसऱ्याच कॉलला विचारलं, 'मग आज टीममधलं दुसरं कुणी आहे का बोलायला?' मागे सासूबाई कुकर लावत होत्या. तेव्हापासून 'मी'.

फक्त 'तुम्ही आजारी पडलात तर?' हा प्रश्न येतोच, त्याचं उत्तर तयार ठेव. मी सांगते की सगळ्या नोंदी तुमच्याच खात्यात असतात, माझ्या लॅपटॉपवर काही अडकत नाही. तुझ्या बाबतीत होस्टिंग आणि डोमेन त्यांच्याच नावावर राहील, बॅकअप त्यांच्याकडेही असेल, असं काहीतरी.

आणि साड्यांच्या दुकानाचं नाव घेणार असशील तर आधी त्यांना विचार. पान दाखवताना वर पत्ता दिसतो हे लक्षात आहे ना?

---

काजवा · मंगळवार, रात्री ९:२०

नव्हतं लक्षात! विचारलं आत्ता. दाखवायला हो म्हणाले, पण विक्रीचं काही बोलू नका म्हणाले. म्हणजे ४० टक्के तसेही गेलेच.

---

रावसाहेब_७० · बुधवार, सकाळी ६:१५

माझा गैरसमज झाला होता. पण गिऱ्हाईक म्हणून सांगतो, आमच्या वयाच्या माणसाला 'कॅश लावला' म्हटलं की रोकड वाटते.

---

घाटमाथा · बुधवार, सकाळी ७:०५

रावसाहेब, हा सगळ्यात कामाचा प्रतिसाद. काजवा, ओळखीत कॅश, प्लगिन, एलसीपी यातला एकही शब्द नको. विचारले तरच.

---

काजवा · गुरुवार, रात्री ८:५५

झाला कॉल. दुसऱ्या वाक्यालाच 'ताई, आवाज येत नाहीये', मग इअरफोन काढून पहिल्यापासून. पाठ केलेलं दुसऱ्यांदा म्हणताना जरा सुटसुटीत झालं, त्यामुळे बरंच झालं. पन्नास सेकंद लागले. नंतर गप्प बसले आणि ते जवळजवळ दहा मिनिटं बोलले. खरी अडचण फोटोंची नाहीच, निदान त्यांना तशी वाटत नाही. 'पैसे भरायच्या पानावर लोक अडकतात आणि फोन करून ऑर्डर देतात' म्हणाले. ते पान प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं असतं, कॅशमध्ये ठेवता येत नाही, त्यामुळे साड्यांच्या दुकानात जे केलं ते इथे तसंच चालणार नाही. तसं स्पष्ट सांगितलं. म्हटलं, आधी तपासणी करते, तिचे वेगळे पैसे, मग पुढचं ठरवू.

त्यांनी विचारलं, 'त्या साडीवाल्यांची विक्री वाढली का?' मी म्हटलं, वाढली, पण दिवाळी होती, आणि आकडे त्यांचे आहेत, मी सांगू शकत नाही. ते हसले.

'डिझाइन करत नाही' ऐकून त्यांचा चेहरा जरा पडला, तेवढं भाव_बोलांचं खरं. पुतणीचं लोगोचं काम अडलंय म्हणे.

तपासणीचा खर्च उद्या लिहून पाठवायचाय. त्यांनी कॉल ठेवल्यावर लगेच होस्टिंगचा पासवर्ड व्हॉट्सअॅपवर पाठवून दिलाय!! आता काय करू?

---

जमाखर्च · गुरुवार, रात्री ९:१०

वापरू नकोस. आजच बदलायला सांग, आणि तुझ्यासाठी वेगळं खातं उघडून द्या म्हण, काम संपलं की ते बंद करता येईल.

---

भाव_बोला · गुरुवार, रात्री ९:१४

पासवर्ड आला म्हणजे काम मिळालं ना!

---

घाटमाथा · गुरुवार, रात्री ९:४०

नाही. खर्च मान्य होऊन आगाऊ रक्कम येईपर्यंत मिळालं म्हणू नये. काजवा, तपासणीच्या पत्रात पहिली ओळ पैसे भरायच्या पानाची घाल, फोटो नंतर.